कुठल्या कामाला कुठला दोर? सुतळी, सूत, नायलॉन आणि काथ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या एका बाजारपेठेत आमचं दोर-सुतळीचं दुकान आहे. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर आला की गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मजबूत दोर द्या." मजबुतीचं नंतर बघू. मी आधी दोन गोष्टी विचारतो: हा दोर पाण्यात किती राहणार आहे, आणि किती दिवस टिकायला हवा आहे? या दोन उत्तरांवरच बहुतेक वेळा दोर ठरतो. खालचे प्रश्न आमच्या गल्ल्यावर रोज येणारेच आहेत.

ताग, सूत, नायलॉन आणि काथ्या यांत खरा फरक काय?

पाण्याशी प्रत्येकाचं वागणं वेगळं आहे, तिथून सुरुवात करा.

ताग म्हणजे आपली सुतळी. ती कोरडी असताना चांगली ताकदीची असते, पण पाणी शोषून घेते आणि ओली राहिली की लवकर कुजते. उघड्यावर बांधलेली सुतळी एका पावसाळ्यात बहुधा हातानं तुटण्याइतकी कमकुवत होते.

सूतही पाणी पितं, पण भिजल्यावर त्याची ताकद कमी होत नाही, उलट थोडी वाढते. मात्र तंतू फुगल्यामुळे दोर लांबीला आखडतो. तंबूचे सुती दोर पावसाआधी सैल करतात ते यासाठीच. सुताचा शत्रू बुरशी. दमट जागी काळे ठिपके पडले की आतून धागा खायला सुरुवात झालेली असते.

नायलॉन कुजत नाही. भिजल्यावर त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, पण मुळातच ताकद एवढी जास्त असते की घरगुती कामात ते जाणवत नाही. त्याचे दोन दोष लक्षात ठेवायचे: तो ताणला जातो, आणि उन्हानं मरतो.

काथ्या ताकदीत या चौघांत सगळ्यात मागे. पण त्याच्या तंतूत लिग्निन भरपूर असतं, म्हणजे लाकडाला टणक करणारा पदार्थ. त्यामुळे जंतूंना तो सहज खाता येत नाही. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने कुजवून काथ्या काढतात. मऊ भाग कुजून जातो आणि जो उरतो तो काथ्या. एवढ्या कुजवणीतून जो टिकला, तो तुमच्या अंगणातल्या पावसाला लगेच हार जात नाही.

दुकानात "नायलॉन" म्हणून मिळतो तो खरंच नायलॉन असतो का?

पुष्कळदा नसतो. निळे, हिरवे, पिवळे चकचकीत दोर सर्रास नायलॉन म्हणून विकले जातात, पण ते बहुधा पॉलिप्रोपिलीनचे किंवा तशाच दुसऱ्या प्लास्टिकचे असतात. ते वाईट नाहीत. पण त्यांची ताकद कमी, उन्हात ते लवकर झिजतात, आणि घासून गरम झाले की नायलॉनपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला वितळतात.

ओळखायला बादलीभर पाणी पुरतं. दोराचा बोटभर तुकडा कापा, पाण्यात दाबून आतली हवा काढून टाका आणि सोडा. नायलॉन बुडतो, पॉलिप्रोपिलीन तरंगतं. शंका राहिली तर घराबाहेर, चिमट्यात धरून टोकाला काडी लावा. प्लास्टिक दोराला विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो, नायलॉनला तसा येत नाही. दोन्ही वितळतात आणि त्यांचा कडक मणी होतो. ताग, सूत आणि काथ्या मात्र जळून राख होतात. सुंभाची राख तर पिळासकट जागच्या जागी दिसते. म्हण उगाच पडलेली नाही.

दोर किलोवर घेत असाल तर आणखी एक लक्षात घ्या. प्लास्टिक हलकं असल्यामुळे त्याच किलोत जास्त मीटर येतात. म्हणून भावाची तुलना मीटरमागे करा.

कपड्यांच्या वलणीला कुठली दोरी घ्यावी?

आडोशाची जागा असेल, म्हणजे पडवी, गॅलरी किंवा घरातली खोली, तर मी सुती दोरी देतो. ६ ते ८ मिलिमीटर जाडीची, विणलेली. तिच्यावर चिमटा घट्ट बसतो, कपडा घसरत नाही, आणि कपड्यावर वळ उठत नाही.

उघड्या अंगणात, जिथे ऊनपाऊस दोन्ही लागतो, तिथे नायलॉन. त्यातही विणीची दोरी पिळाच्या दोरीपेक्षा बरी, कारण ओल्या कपड्यांच्या वजनानं पिळाची दोरी स्वतःभोवती फिरते आणि कपडे गोळा होतात. नायलॉनवर चिमटे सरकतात ही तक्रार खरी आहे. त्यावर जुना उपाय आहे: दोरी दुहेरी घ्या, दोन्ही पदरांना एकमेकांभोवती सैलसर पीळ द्या आणि मग बांधा. कपड्याचं टोक त्या पिळात खोचलं की चिमटा लागत नाही, आणि वाऱ्यानं कपडा एका कडेला जात नाही.

सुतळी आणि काथ्या वलणीला घेऊ नका.

का नको? सुतळी तर स्वस्त आहे.

डागांमुळे. तागाचे तंतू गिरणीत मऊ करण्यासाठी त्यांना खनिज तेल लावतात. नव्या सुतळीला जो रॉकेलसारखा वास येतो तो त्याचाच. ओला पांढरा सदरा तिच्यावर टाकला तर तेल आणि तागाचा पिवळट रंग दोन्ही कपड्याला लागतात. काथ्याचं पाणी तपकिरी सुटतं, आणि त्याची कुसळं साडीचे धागे ओढतात. एकदा पडलेला तो तपकिरी डाग साबणानं सहज जात नाही.

दोरी कितीही ताणली तरी मधे झोळ पडतो. काय करावं?

झोळ राहू द्या. हे मी आग्रहानं सांगतो, कारण भिंतीतला हूक उपटून येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तारेसारखी ताणलेली वलणी.

एक हिशोब करून बघू. गॅलरीत ५ मीटरची दोरी आहे आणि तिच्यावर सगळीकडे सारखे पसरलेले १० किलो ओले कपडे आहेत. दोन चादरी, एक टॉवेल, थोडे सदरे एवढ्यात १० किलो सहज होतात. दोरीच्या टोकाला किती ओढ बसते ते काढायची साधी रीत अशी: कपड्यांचं वजन गुणिले दोरीची लांबी, आणि त्याला झोळाच्या आठपटीनं भागायचं. मधला झोळ २५ सेंटिमीटर असेल तर ५० भागिले २, म्हणजे ओढ २५ किलोची. तीच दोरी एवढी ताणली की झोळ फक्त १० सेंटिमीटर उरला, तर ओढ ६२ किलोच्या पुढे जाते. ५ सेंटिमीटरवर आणलात तर १२५ किलो. कपडे तेवढेच आहेत, पण हूक मात्र एका माणसापेक्षा जास्त वजन पेलतो आहे. प्लास्टरमध्ये ठोकलेला खिळा तिथे टिकणार नाही.

म्हणून ५ मीटरला वीत-सव्वा वीत झोळ असू द्या. कपडे जमिनीला लागत असतील तर हूक वर घ्या, किंवा मधे एक बांबूचा टेकू द्या. मधल्या टेकूनं प्रत्येक भागाची लांबी निम्मी होते आणि त्या भागावरचं वजनही निम्मं होतं, त्यामुळे तेवढ्याच झोळाला ओढ एक चतुर्थांशावर येते.

नायलॉनची नवी दोरी पहिले काही आठवडे हळूहळू लांबत जाते. ती पहिल्या दिवशी निरगाठ मारून पक्की करू नका. एका टोकाला सुरगाठ ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा ओढून बांधा. सुती दोरीचं उलटं आहे. ती कोरडी असताना कडक ताणून बांधलीत आणि पावसाच्या झडीत भिजली, तर स्वतःच आखडून हुकावर ताण आणते.

सुती वलणीला काळे ठिपके पडले आहेत. धुतली तर चालेल?

नुकतेच पडले असतील तर चालेल. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून दोरी तासभर भिजत ठेवा, घासा, आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. नुसती वरून पुसलेली दोरी पुन्हा आठवड्याभरात काळी पडते, कारण बुरशी पिळाच्या आत असते. धुतल्यावर दोन हातांत धरून झटका देऊन पाहा. धागे तुटल्याचा बारीक आवाज आला तर तिचं आयुष्य संपलं आहे.

विहिरीवर पोहऱ्याला कुठला दोर चांगला?

इथे दोर तुटेल का हा प्रश्न दुय्यम आहे. पाण्यासकट पोहऱ्याचं वजन १२ ते १५ किलो. एवढं तर ५ मिलिमीटरचा नायलॉनसुद्धा उचलतो. पण ५ मिलिमीटरच्या दोरानं पाणी शेंदून बघा. दहाव्या पोहऱ्याला तळव्यावर लाल रेघा उमटतात. जाडी हाताला लागते म्हणून घ्यायची असते. मुठीत नीट बसायला १२ मिलिमीटर तरी हवा, आणि घरात वयस्कर माणूस पाणी काढत असेल तर १४.

काथ्याचा दोर आपल्याकडच्या विहिरींवर पिढ्यान् पिढ्या होता आणि त्याला कारण होतं. तो ओला असतानाही हातातून निसटत नाही, आणि पाण्यानं लवकर कुजत नाही. पण नव्या काथ्याची कुसळं टोचतात, आणि काठावर घासून तो झिजत जातो. नायलॉन जास्त टिकतो, पण ओला झाला की गुळगुळीत. रहाट किंवा कप्पी असेल तर मी नायलॉन देतो, तीन पेडी पिळाचा, कारण त्या पिळाच्या उंचसखलपणात बोटं अडकतात. कप्पी नसेल, काठावरून हातानं शेंदायचं असेल, तर चांगला वळलेला काथ्याच घ्या. सुती दोर हाताला सगळ्यात मऊ, पण विहिरीवर तो कधीच पुरता वाळत नाही. जड होतो, बुळबुळीत होतो आणि आतून कुजतो.

पोहऱ्याच्या कडीपाशी दोर सगळ्यात आधी तुटतो. दर दोन-तीन महिन्यांनी तिथला हातभर तुकडा कापून नवी गाठ मारा. म्हणून दोर घेताना विहिरीच्या खोलीपेक्षा दोन-तीन मीटर जास्त घ्यावा.

गच्चीवर तांदळाचं पोतं चढवायचं आहे. कुठला दोर आणि किती जाड?

५० किलोचं पोतं आणि वर एक कप्पी असं धरू. खाली उभ्या माणसाला ५० किलो आणि वर कप्पीचं घर्षण एवढं ओढावं लागतं. म्हणजे एका माणसाचं हे काम नाही, दोघं लागतात. पण लोक विसरतात ती गोष्ट वेगळीच. कप्पी ज्या हुकाला टांगली आहे, त्यावर एका बाजूनं पोतं आणि दुसऱ्या बाजूनं तुमची ओढ, असा मिळून १०० किलोपेक्षा जास्त भार येतो. गच्चीच्या कठड्यातला जुना गंजका हूक त्यासाठी पुरेसा आहे का, ते दोर विकत घेण्याआधी बघा.

आता दोर. उचलायच्या कामात दोराच्या तुटण्याच्या ताकदीच्या एक दशांशापेक्षा जास्त भार देऊ नये. म्हणजे ५० किलोसाठी ५०० किलोला तुटणारा दोर. शिवाय गाठ मारली की त्या ठिकाणी ताकद जवळजवळ निम्मी होते, म्हणून मी १००० किलो धरतो. खऱ्या नायलॉनचा १२ मिलिमीटरचा दोर याच्या बराच वर असतो, आणि ती जाडी हातालाही बरोबर. सुतळी किंवा काथ्याचा तेवढ्याच जाडीचा दोर या कामाला वापरू नका.

कप्पीचं चाकही पाहा. दोराच्या जाडीच्या निदान आठपट चाकाचा व्यास असावा, म्हणजे १२ मिलिमीटरला साधारण १० सेंटिमीटर. त्याहून लहान चाकावर दोर फार तीव्र वळतो आणि आतले धागे एकमेकांवर घासून तुटतात. बाहेरून दोर ठणठणीत दिसतो.

पोतं उचलताना नायलॉन आधी थोडा ताणला जातो आणि मग पोतं झपकन सुटतं. झटका देऊ नका, सावकाश ओढा. आणि पोत्याखाली कोणी उभं राहायचं नाही, लहान मुलं तर अंगणातच नकोत.

वादळात पडलेला माड किंवा ओंडका ओढायला नायलॉन चालेल ना?

ताकदीला चालेल, पण इथेच नायलॉन सगळ्यात धोकादायक ठरतो. तुटायच्या आधी तो मूळ लांबीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शानं ताणला जाऊ शकतो, आणि ती सगळी शक्ती त्यात साठून राहते. ट्रॅक्टरला बांधलेला दोर तुटला किंवा खोडावरची गाठ सुटली तर टोक चाबकासारखं मागे येतं. दोराच्या सरळ रेषेत दोन्ही बाजूंना कोणी थांबू नये. बाजूला, दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं राहा. दोरावर मधे ओलं पोतं टाकून ठेवलं तर तुटल्यावर त्याचा वेग थोडा कमी होतो, पण त्या भरवशावर जवळ जाऊ नका.

याच दोरानं विहीर साफ करायला माणूस उतरवू का?

नाही. माणसाच्या वजनासाठीचे दोर, पट्टे आणि अडकवण्या वेगळ्या असतात आणि त्या किराणा-हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. शिवाय बंद विहिरीत तळाशी हवा खराब असू शकते, तिथे दोर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. या कामाला दोर मागितला तर मी देत नाही.

झाडं बांधायला नायलॉन का नको? तो तर वर्षानुवर्षं टिकतो.

टिकतो म्हणूनच नको. बागेत दोरीनं वेळेवर कुजणं हा तिचा गुण आहे.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. परसात हापूसचं दोन वर्षांचं कलम होतं. जूनच्या वाऱ्यात हलू नये म्हणून मी ते ३ मिलिमीटरच्या नायलॉननं काठीला घट्ट बांधलं आणि विसरलो. पुढच्या वर्षी थंडी संपताना पाहिलं तर दोरी दिसेनाशी झाली होती. खोड वाढून तिच्यावर चढलं होतं, वरचा भाग सुजल्यासारखा जाड आणि खालचा बारीक. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जातं. दोरीनं ती वाट आवळली की अन्न वर साचतं आणि मुळं उपाशी राहतात. मी दोरी कापून काढली, पण खाच तशीच राहिली, आणि पुढच्या पावसात कलम बरोबर त्या खाचेवर मोडलं. तिथे सुतळी असती तर दिवाळीच्या आतच गळून पडली असती आणि झाड वाचलं असतं.

कलमाला काठी देताना इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फेरा घ्या. एक फेरा खोडाला सैल, मधे पीळ, दुसरा फेरा काठीला घट्ट. खोडाच्या फेऱ्यात करंगळी सहज गेली पाहिजे. जुन्या सुती लुगड्याची दोन बोटं रुंद पट्टी असेल तर ती कुठल्याही विकतच्या दोरीपेक्षा चांगली.

मिरवेल, टोमॅटो, पडवळाचा मांडव आणि केळ, सगळ्यांना सुतळीच का?

नाही, प्रत्येकाची मुदत वेगळी.

मिरवेल पेरापाशी पोफळीला सैल बांधायची. पेरातून फुटणारी मुळं साल धरेपर्यंतच आधार हवा, नंतर दोरी अडचणच करते. सुतळी इथे नेमकी बसते. पावसात वेल चिकटते आणि तोवर सुतळी विरून जाते.

टोमॅटोचं पीक तीन-चार महिन्यांचं. नारायणगावच्या बाजूला बांबू, तार आणि सुतळीवर टोमॅटोची शेतं उभी असतात. तुमच्या चार झाडांनाही सुतळी पुरते, पण ऐन पावसातली लागवड असेल तर दुहेरी घ्या, कारण फळं धरल्यावर वजन वाढतं आणि त्याच सुमारास सुतळी कमकुवत झालेली असते.

पडवळ, दोडका, कारलं यांच्या मांडवाला वरून सोडायच्या दोऱ्या बारीक काथ्याच्या घ्या. खरबरीतपणामुळे वेलीचे तणावे तिला धरतात, आणि पावसाळाभर ती तुटत नाही. हंगाम संपला की वेल आणि दोरी एकत्र कापून खताच्या खड्ड्यात टाकता येतात. काथ्या सावकाश कुजतो, पण कुजतो. नायलॉन असेल तर वाळलेल्या वेलीतून एकेक धागा वेचत बसावं लागतं, आणि राहिलेला तुकडा पुढे कुदळीला येतो.

घडानं वाकलेल्या केळीला मात्र मी नायलॉन देतो. वजन मोठं असतं, आणि घड उतरवल्यावर ते खोड तोडायचंच असल्यामुळे आवळल्याचं नुकसान नाही. फक्त दोर खोडात रुतू नये म्हणून खाली गोणपाटाचा तुकडा द्या.

दोर बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

पीळ उलटा फिरवून आत बघा. ताग आणि सुताच्या आत भुसा दिसला, कोंदट वास आला, किंवा एक धागा ओढल्यावर आवाज न करता तुटला तर तो टाकून द्या. काथ्याचे पेड सैल होऊन केस गळल्यासारखे तंतू पडायला लागले की त्याला वजनाचं काम देऊ नका, मांडवाला चालेल. नायलॉन उन्हानं मेला की आधी रंग उडतो, मग पृष्ठभाग केसाळ होतो, आणि हात फिरवल्यावर पांढरी पूड लागते. ती पूड गडद कपड्यांवरही लागते. एखाद्या जागी दोर चकाकून कडक झाला असेल तर तिथे तो घासून वितळला होता. तेवढा भाग कापून काढा.

कापलेलं टोक उसवू नये म्हणून काय करायचं?

कापायच्या आधी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी गुंडाळा आणि मधून कापा. नायलॉनचं टोक मेणबत्तीवर धरून वितळवा आणि ओल्या लाकडावर दाबा. बोटांनी दाबू नका, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि भाजत राहतं. सूत, ताग आणि काथ्याच्या टोकाला जाड सुती दोरा दोराच्या जाडीइतक्या रुंदीत घट्ट गुंडाळून त्याचं टोक सुईनं पेडांमधून ओवून घ्या. काम झाल्यावर दोर ओला असेल तर सावलीत वाळवून खुंटीला टांगा. ओल्या जमिनीवर गोळा करून ठेवलेल्या सुतळीला आणि सुताला वाळवी फार लवकर लागते.